वजन सारखं, तरी एक बॅट जड का लागते?

> "दोन्ही बॅट ११८० ग्रॅमच्याच, मग काश्मीर विलोवाली जड का वाटते?"

काटा एकूण वजन सांगतो, ते वजन कुठे आहे ते सांगत नाही. पातं टोकाकडे जाड असेल तर बॅट उचलताना जड लागते, मग लाकूड इंग्लिश असो वा काश्मीर. शिवाय काश्मीर विलो जास्त घट्ट, त्यामुळे पातं बारीक दिसलं तरी वजन तेवढंच भरतं. वरच्या एकाच हाताने बॅट धरून बॅकलिफ्ट घ्या आणि दहापर्यंत मोजा. टोक खाली झुकायला लागलं तर ती तुमच्यासाठी जडच.

मी एकदा यावर उपाय म्हणून हँडलवर दुसरी ग्रिप चढवली. मुठीकडे साधारण ५० ग्रॅम वाढले, बॅट उचलायला हलकी वाटली आणि मी खूश. पण हँडल इतकं जाड झालं की खालच्या हाताचं मनगट वळेना, फ्लिक हवेत जायला लागली. शेवटी ती काढलीच. बोटं लहान असतील तर एकच पातळ ग्रिप बरी. नुकतंच लेदर बॉलवर आला असाल तर काश्मीर विलो चालेल, फक्त टोकाकडे कमी लाकूड असलेली निवडा.