सभागृहातला श्लोक : खाली कोणता मराठी अर्थ लिहायचा?

(फोंड्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

नीलेश (सचिव): नमस्कार मंडळी. गीता जयंतीपूर्वी सभागृहाच्या भिंतीवर ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हा श्लोक रंगवून घ्यायचं ठरलंय. पेंटर सोमवारी येतोय. श्लोकाखाली मराठी अर्थ हवा. मला फॉरवर्डमध्ये आलेली ओळ अशी : ‘कर्म करत राहा, फळाची अपेक्षा करू नकोस.’ चालेल ना?

सुलभा वहिनी: छान आहे, सगळ्यांना कळेल.

प्रभाकर काका: त्यापेक्षा ज्ञानेश्वरीतली ओवी घाला. माउलींहून वेगळा अर्थ कशाला शोधायचा?

तन्वी: आमच्या घरी आजी गीताई म्हणते. त्यातलं घेतलं तर? श्लोकासारखंच म्हणता येतं.

नीलेश (सचिव): तीन झाले 🙂 माधवी बाई, तुम्ही संस्कृत शिकवायचात, तुम्हीच सांगा. यातला मूळ श्लोकाला धरून कोणता?

माधवी बाई: नीलेश, थोडं सविस्तर लिहिते. भिंतीवरचं पुसता येत नाही, त्यामुळे पेंटर येण्याआधीच बघितलेलं बरं. आधी मूळ श्लोक (२.४७) :

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन ।
मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि ॥

यात चार चरण आहेत आणि चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं : तुझा अधिकार कर्मातच. फळांत तो कधीही नसो. कर्मफळाचा हेतू होऊ नकोस. अकर्मात तुझी आसक्ती नसो.

आता प्रत्येक अर्थाला मी एवढंच विचारते : चारही चरण आले का? मुळात नसलेलं काही आलं का? असलेलं काही बदललं का? गळणं, वाढणं आणि बदलणं हे तीन वेगळे प्रकार आहेत. वाढवलेलं वाचकाला बहुधा ओळखू येतं. बदललेलं ओळखू येत नाही, म्हणून तिथे जास्त बघावं लागतं.

माधवी बाई: फॉरवर्डची ओळ घेऊ. ‘कर्म करत राहा’ ही आज्ञा आहे. श्लोकाचा पहिला चरण आज्ञा देत नाही, अधिकार कुठे आहे ते सांगतो, आणि ‘एव’ म्हणजे ‘च’ लावून तो तिथेच बांधतो. तो ‘च’ गेला. ‘अपेक्षा’ हा शब्द श्लोकात कुठेच नाही, दुसऱ्या चरणात फळांवरच्या अधिकाराची गोष्ट आहे. आणि चौथा चरण तर पूर्णच गळला.

हा चौथा चरण गळणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. अर्जुन फळाच्या लोभाने अडलेला नव्हता. तो धनुष्य खाली ठेवून ‘मी लढणार नाही’ म्हणत बसला होता. ‘अकर्मात आसक्ती नसो’ हे त्याला सरळ उत्तर आहे. ते काढलं की उरतो तो कोणालाही, कधीही करता येण्यासारखा उपदेश.

सुलभा वहिनी: बाई, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं अर्धाच श्लोक म्हणतेय मी.

प्रभाकर काका: मग ज्ञानेश्वरीत चारही आहेत की नाही?

माधवी बाई: काका, तिथेच खरी बघण्यासारखी गोष्ट आहे. माउलींच्या या श्लोकावरच्या दोन ओव्या :

आम्हीं समस्तही विचारिलें । तंव ऐसेंचि हें मना आलें ।
जे न सांडिजे तुवां आपुलें । विहित कर्म ॥

परी कर्मफळीं आस न करावी । आणि कुकर्मीं संगति न व्हावी ।
हे सत्क्रियाचि आचरावी । हेतूविण ॥

पहिल्या ओवीचा पूर्वार्ध वाढवलेला आहे : ‘आम्ही सगळा विचार केला, तेव्हा हेच मनाला पटलं.’ कृष्ण समोर बसून बोलतोय असं वाटतं. ही भर उघड दिसते, त्यामुळे कोणाची फसगत होत नाही. ‘आस’ हा शब्द मात्र ‘अधिकारा’च्या जागी आला. म्हणजे फॉरवर्डमधली ‘अपेक्षा’ मूळ श्लोकापेक्षा या ओवीला जवळची आहे. ‘हेतूविण’मध्ये तिसरा चरण आला.

आता चौथा चरण बघा. श्लोकात ‘अकर्मणि’ आहे, ओवीत ‘कुकर्मीं’. अकर्म म्हणजे न करणं, कुकर्म म्हणजे वाईट करणं. ही भर नाही, हा बदल आहे.

प्रभाकर काका: पण ‘अ’ लागला की वाईट असाही अर्थ होतो. अधर्म म्हणजे धर्म नसणं एवढंच नाही, पापसुद्धा. माउलींनी तसं घेतलं असेल.

माधवी बाई: काका, आक्षेप बरोबर आहे. नुसत्या शब्दाकडे बघून निकाल लागत नाही. म्हणून हाच शब्द गीतेत इतरत्र कसा येतो ते बघायचं. पुढच्याच अध्यायात ३.८ ला आहे ‘कर्म ज्यायो ह्यकर्मणः’, अकर्मापेक्षा कर्म श्रेष्ठ. तिथेच पुढे म्हटलंय की अकर्माने तुझी शरीरयात्रासुद्धा चालणार नाही. इथे अकर्म म्हणजे वाईट काम घेतलं तर वाक्य जुळत नाही. काही न करता बसलं तर पोट भरणार नाही, एवढाच सरळ अर्थ आहे. आणि ४.१७ मध्ये कर्म, विकर्म आणि अकर्म हे तीन शब्द वेगळे ठेवले आहेत. निषिद्ध कर्मासाठी गीतेकडे ‘विकर्म’ हा स्वतःचा शब्द आहे. २.४७ मध्ये तो वापरलेला नाही. शंकराचार्यांनीही भाष्यात या ‘अकर्मणि’चा अर्थ ‘अकरणे’, म्हणजे न करण्यात, असाच दिला आहे.

तन्वी: मग माउलींनी ‘कुकर्म’ का घातलं असेल?

माधवी बाई: मला जे दिसतं ते सांगते. त्यांनी आधीच्या ओवीत ‘कर्म’ला ‘विहित’ हे विशेषण जोडलं. श्लोकात नुसतं कर्म आहे. एकदा कर्म म्हणजे विहित कर्म ठरलं, की त्याच्या उलट बाजूला आपोआप निषिद्ध कर्म येतं, आणि मग ‘सत्क्रिया’ही येते. पहिल्या चरणात निरुपद्रवी वाटणारी एक भर चौथ्या चरणाचा अर्थ ओढून घेते. म्हणून भावानुवाद तपासताना एकेक शब्द सुटा तपासून भागत नाही, आधी काय जोडलं होतं ते मागे जाऊन बघावं लागतं.

काका, यात माउलींना उणं म्हणत नाही हो. ग्रंथाचं नावच भावार्थदीपिका. सातशे श्लोकांच्या नऊ हजारांवर ओव्या केल्या, त्या शब्द मोजून द्यायला नाहीत. श्लोकाच्या खाली ‘अर्थ’ म्हणून ती ओवी रंगवली तर वाचणारा मात्र ‘अकर्म म्हणजे कुकर्म’ असं शिकून जाईल.

आग्नेल बाब: बाई, थोडं मध्येच बोलतो. आमच्याकडे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आहे ना, १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं, मराठी ओव्यांचं. त्यात बायबलची कथा आहे, पण त्यांनी नाव ‘पुराण’ ठेवलं. बायबलमधलं वचन तंतोतंत बघायचं तर कोणी ते उघडत नाही, आणि गोडी हवी तर तेच उघडतात.

माधवी बाई: आग्नेल बाब, अगदी नेमकं सांगितलंत.

तन्वी: आणि गीताई? आजी वाट बघतेय निकालाची.

माधवी बाई: आजींना सांग, गीताई बरीच घट्ट धरून आहे :

कर्मांत चि तुझा भाग तो फळांत नसो कधीं ।
नको कर्म-फळीं हेतु अकर्मीं वासना नको ॥

मोजून बघ, मुळासारखीच आठ-आठ अक्षरांची चार चरणं. म्हणून चाल तीच बसते. ‘एव’चा ‘चि’ राहिला. अकर्म अकर्मच राहिलं. आणि ‘नसो’ बघ. संस्कृतात इथे ‘न’ नाही, ‘मा’ आहे. ‘न’ नुसतं ‘नाही’ म्हणतो, ‘मा’ निषेध करतो. तिसऱ्या चरणात तर हे क्रियापदावरून दिसतं : एरवी ‘अभूः’ झालं असतं, ‘मा’मुळे पुढचा अ जाऊन ‘भूः’ राहिलं. दुसऱ्या चरणात क्रियापद नाही, तिथे शेवटच्या चरणातला ‘अस्तु’ घेऊन वाचायचं. पुष्कळ गद्य अर्थ इथे ‘फळावर तुझा अधिकार नाही’ असं लिहितात, म्हणजे ती नुसती माहिती होते. विनोबांनी ‘नसो’ लिहून ‘मा’ जपला. दोन अक्षरांत.

नीलेश (सचिव): म्हणजे गीताईत काहीच बदल नाही?

माधवी बाई: आहेत, तेही सांगायला हवेत. तिसऱ्या चरणात कृष्ण अर्जुनाला ‘तू होऊ नकोस’ म्हणतो. गीताईत ‘तू’ गेला, ‘हेतु नको’ एवढंच राहिलं. शिवाय ‘कर्मफलहेतु’ हा समास दोन प्रकारे सुटतो. कर्मफळ हाच ज्याचा हेतू तो, किंवा कर्मफळाला कारण होणारा. शंकराचार्यांनी दुसरा घेतला : फळाची तहान धरलीस तर फळ मिळण्याला तूच कारण होशील, तसा होऊ नकोस. विनोबांनी पहिल्या बाजूने सोडवला. संस्कृतात दोन्ही दारं उघडी होती, मराठीत एकच राहिलं. ‘संग’ची ‘वासना’ झाली, ती थोडी जास्त गडद आहे.

आणि ‘अधिकार’चा ‘भाग’ केला. वरवर बघितलं तर हे मुळापासून दूर जाणं वाटेल, कारण ‘अधिकार’ मराठीत आहेच. पण आज आपण अधिकार म्हटलं की हक्क आणि सत्ता डोक्यात येते, साहेबांचा अधिकार. इथे आहे तो कर्म करण्याचा वाटा, पात्रता. तोच शब्द उचलून ठेवला असता तर दिसायला शब्दशः आणि अर्थाने चुकीचं झालं असतं. मला ‘भाग’ पटतो.

प्रभाकर काका: पटलं बाई. पण माउलींची ओवी भिंतीवर कुठेतरी हवीच, हा माझा हट्ट समजा.

माधवी बाई: हवीच काका. मी असं सुचवते : वर संस्कृत, त्याखाली गीताई, आणि बाजूच्या खांबावर त्या दोन्ही ओव्या, वर ‘ज्ञानेश्वरी : भावार्थ’ असं लिहून. दोन्ही एकदम घ्या, दुसरी एकटी नको. ‘विहित कर्म’ आधी वाचलं की ‘कुकर्मीं’ कुठून आलं ते कळतं.

सुलभा वहिनी: मला आवडलं. फॉरवर्डची ओळ नको.

नीलेश (सचिव): ठरलं. बाई, पेंटरला द्यायला मजकूर पाठवाल?

माधवी बाई: आज रात्री पाठवते. दोन जागी त्याच्यावर लक्ष ठेव. ‘सङ्गोऽस्त्व’मधला ऽ गाळू देऊ नकोस, पुष्कळ पाट्यांवर तो नसतो. आणि गीताईत ‘कर्मांत चि’ असं ‘चि’ सुटं छापलेलं आहे, तो ते सुधारून जोडून टाकेल, तसंच सुटं राहू दे.

तन्वी: पेंटर येईल तेव्हा मी खाली थांबते, नीलेश दादा. आजीची गीताई हातात घेऊनच.