मदत हवी आहे: डिफ्यूजनवर तीन पांढरे डाग, यातला ताजा इन्फार्क्ट कोणता?

रात्रपाळी

मी कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रेडिओलॉजीचं शिक्षण नाही, कामापुरत्या फिल्म बघतो. पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कागल तालुक्यातले साठीच्या पुढचे गृहस्थ. शुगर आणि बीपी जुनं. दोन वर्षांपूर्वी उजव्या बाजूला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय. त्यातून बरेच सावरले, पण उजव्या हाताला थोडी कमजोरी राहिली. आता दोन दिवस ताप आणि लघवीला जळजळ, आणि काल संध्याकाळपासून उजव्या हातातून वस्तू सुटायला लागल्या, बोलणं जड झालं. लघवीत पस सेल्स भरपूर आहेत. सीटीत रक्तस्राव नाही.

आमच्या फिजिशियनचा प्रश्न सरळ आहे: इन्फेक्शनमुळे जुनीच कमजोरी वर आली, की हा नवा झटका? त्यासाठी आज दुपारी एमआरआय केला. लेखी रिपोर्ट उद्या मिळेल, पण सीडी माझ्याकडे आहे आणि डिफ्यूजनवर एक नाही, तीन डाग पांढरे दिसतात.

पहिला डावीकडे, हाताची हालचाल जिथून चालते त्या कॉर्टेक्सवर, छोटासा. दुसरा डाव्या बाजूलाच खोल पांढऱ्या भागात, व्हेंट्रिकलच्या शेजारी. तिसरा उजव्या लहान मेंदूत, आणि तोच सगळ्यांत जास्त चमकतो. एडीसीवर पहिला काळा दिसतो, दुसरा पांढरा, आणि तिसरा मला सापडतच नाही, आजूबाजूसारखाच दिसतो.

सगळ्यांत चमकणारा डाग एडीसीवर गायब कसा? ताजा कोणता धरायचा?

कन्सोलवाला

सर, मी टेक्निशियन आहे, रोज हेच बघतो. डिफ्यूजनवर पांढरं आणि एडीसीवर काळं म्हणजे ताजं. एडीसीवर काळं नसेल तर जुनं, विषय संपला. म्हणजे तुमचा पहिला ताजा, बाकीचे दोन्ही जुने. लहान मेंदूतला आर्टिफॅक्टही असू शकतो, कवटीच्या तळाशी हाड आणि हवा जवळ असते तिथे डिफ्यूजन खोटं चमकतं.

शिरोळचा संजय

माझ्या आईचा पण एमआरआय झालाय. रिपोर्टमध्ये लिहिलंय की दोन्ही बाजूंना फ्लेअरवर बारीक बारीक पांढरे ठिपके आहेत आणि 'नो डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन'. घरात सगळे लई घाबरलेत. हा पॅरालिसिसच का? ॲडमिट करू का?

मिरजेची रेडिओलॉजिस्ट

संजय, आधी तुमचं. 'रिस्ट्रिक्शन नाही' म्हणजे त्या स्कॅनमध्ये ताज्या झटक्याची खूण दिसली नाही. बारीक ठिपके वय, बीपी, शुगर यांनी हळूहळू होणाऱ्या बदलांचे असतात, बऱ्याच वयस्कर लोकांत दिसतात. मात्र आईंना अचानक हातपाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असं काही झालं असेल तर या ओळीवर विसंबून घरी थांबू नका. तसं नसेल तर रिपोर्ट घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि बीपी तपासा.

आता मूळ प्रश्न. कन्सोलवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. काळं म्हणजे बहुधा ताजं, हे खरं. काळं नाही म्हणजे जुनंच, हे खरं नाही. तिसरा डाग नेमका त्या फटीत बसतो.

डिफ्यूजनच्या चित्रात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पाणी किती अडकलंय, आणि त्या जागेची मुळातली टी-टूची चमक. एडीसीत ती चमक भागून काढलेली असते, पाण्याची हालचाल तेवढी उरते. आकडे घालून बघा. हे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या सीडीतले नाहीत.

b0 म्हणजे डिफ्यूजनचा जोर न लावता घेतलेलं चित्र, b1000 म्हणजे तो जोर लावून घेतलेलं. चांगल्या मेंदूचा b0 वरचा सिग्नल ४०० धरा आणि एडीसी ०.७५. मग b1000 वर सिग्नल साधारण १९० उरतो. ताज्या डागात b0 जेमतेम वाढलेला असतो, ४२० धरा, पण एडीसी ०.४५ वर आलेला. तिथे b1000 वर २६८ येतात, म्हणून तो पांढरा. जुन्या डागात पेशी मरून पाणी मोकळं झालेलं असतं. b0 ८००, एडीसी १.२५, तरी b1000 वर २२९ उरतात. पाणी जास्त हलतंय, तरीही डाग शेजारच्यापेक्षा पांढरा! ही नुसती टी-टूची चमक. तुमचा दुसरा डाग हाच प्रकार वाटतो.

आता तिसरा. b0 ६५० आणि एडीसी ०.७५ धरा. b1000 वर ३०७ येतात. तिघांत सर्वांत जास्त चमक, आणि एडीसी शेजारच्या मेंदूइतकाच, म्हणून त्या नकाशावर तो शोधून सापडत नाही. चमकीच्या जोरावर डागाचं वय ठरवू नये, ते यामुळेच.

असं होतं कारण झटक्यानंतर पेशींचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि एडीसी पडतो. हे पहिल्या तासाच्या आतही दिसू शकतं आणि पहिले काही दिवस एडीसी खालीच राहतो. पुढे पेशी फुटतात, पाणी मोकळं होतं आणि एडीसी चढायला लागतो. चढताना तो कधीतरी नॉर्मल आकड्यावरून जाणारच. साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास तो तिथे असतो, काहींत पुढेही रेंगाळतो, आणि रक्तप्रवाह लवकर परत आला असेल तर आधीच तिथे पोचतो. त्यानंतर तो वर जातो आणि वरच राहतो.

म्हणून माझा अंदाज: पहिला ताजा, दुसरा जुना, तिसरा एक-दोन आठवड्यांचा. आर्टिफॅक्टची शंका रास्त आहे, पण ती मिटवायला फ्लेअर बघा. त्याच जागी, त्याच आकाराचा पांढरा डाग फ्लेअरवर आणि b0 वरही असेल तर तो आर्टिफॅक्ट नव्हे. आणि घरच्यांना विचारा, गेल्या दोन आठवड्यांत चक्कर, उलट्या, चालताना झोक जाणं असं काही झालं होतं का.

रात्रपाळी

मॅडम, फ्लेअरवर तिसरा डाग ठळक पांढरा आहे, कडा स्पष्ट. पहिला जेमतेम दिसतो. दुसऱ्याच्या मधोमध फ्लेअरवर काळा खळगा आणि भोवती पांढरी कड आहे, शेजारचा व्हेंट्रिकलही त्या बाजूला थोडा ओढल्यासारखा मोठा दिसतो.

एडीसी नुसत्या डोळ्यांनी बघू की मोजू? मोजायला गेलो तर आकडा ४६८ असा येतो, तुम्ही ०.४५ लिहिलंय.

मिरजेची रेडिओलॉजिस्ट

मोजाच. आकडा तोच आहे, फक्त दशांश चिन्ह सरकलंय. एखादं सॉफ्टवेअर ०.७५ दाखवतं, एखादं ७५०. घोळ नको असेल तर समोरच्या बाजूला त्याच जागी तेवढंच वर्तुळ टाका आणि दोन आकडे शेजारी ठेवा.

वर्तुळ डागाच्या पोटात बसवा, कडेवर नको. व्हेंट्रिकलचं किंवा खाचेतलं पाणी थोडंही आत आलं तर एडीसी फुगतो, कारण तिथला आकडा ३००० च्या घरात असतो. स्लाइस ५ मिमीचा आणि डाग बारीक असेल तर हे हमखास होतं, आणि ताजा डाग जुना ठरतो. उलटी फसगतही होते. रक्त किंवा कॅल्शियम असलेल्या जागी सिग्नलच गेलेला असतो, तिथे एडीसी उगीच काळा दिसतो. तेव्हा पहिल्या डागाची जागा ग्रेडियंट एको किंवा एसडब्ल्यूआयवर काळी नाही ना, ते बघून घ्या.

दुसऱ्या डागातला खळगा आणि ओढला गेलेला व्हेंट्रिकल हे महिन्यांपूर्वीचं नुकसान सांगतात. तो दोन वर्षांपूर्वीचाच झटका असावा. फक्त त्याच्या कडेने एखादी काळी पट्टी एडीसीवर नाही ना, तेवढं बघा. जुन्या डागाला चिकटून नवा झाला तर तो चमकीत लपून जातो.

कन्सोलवाला

मॅडम, आमच्याकडे फिल्मवर डिफ्यूजनच छापतात. डॉक्टरांनी मागितला तरच एडीसी देतो.

मिरजेची रेडिओलॉजिस्ट

मग इथून पुढे न मागता द्या.

रात्रपाळी

मोजलं. पहिल्या डागात ४६८, समोरच्या बाजूला ७८१. दुसऱ्यात १२३०, कडेला काळं काही नाही. तिसऱ्यात ७२५ आणि समोरच्या लहान मेंदूत ७१०. पहिल्याच्या जागी ग्रेडियंटवर काही काळं नाही.

पेशंटच्या मंडळींना विचारलं. साधारण दीड आठवड्यापूर्वी सकाळी उठल्यावर गरगरलं, दोन उलट्या झाल्या, दिवसभर भिंत धरून चालत होते. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून इथे कुणी सांगितलंच नाही.

न्यूरो_इचलकरंजी

न्यूरोलॉजीत काम करतो. फिजिशियनच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: तापामुळे जुनी कमजोरी वर आली असती तर एडीसीवर काळा डाग आला नसता. उलटं मात्र धरू नका. ब्रेनस्टेममधला बारीक इन्फार्क्ट पहिल्या दिवशी डिफ्यूजनवर दिसत नाही असं अधूनमधून होतं, तेव्हा लक्षणं ठाम असतील तर एक-दोन दिवसांनी पुन्हा स्कॅन करावा लागतो.

अजून दोन गोष्टी. हाताला झटके येत होते का, हे विचारा. फिटनंतरही कॉर्टेक्सची पट्टी डिफ्यूजनवर पांढरी आणि एडीसीवर काळी दिसू शकते. आणि आल्या आल्या शुगर किती होती? फार कमी झालेली शुगरही असंच चित्र देते.

मला जास्त काळजी तिसऱ्या डागाची आहे. दीड आठवड्याच्या अंतराने दोन झटके, एक पुढच्या रक्तवाहिन्यांच्या भागात, एक मागच्या. हृदयातून गुठळ्या सुटतायत असा संशय घ्यावा लागतो. तिसरा 'जुना' म्हणून सोडला असता तर हे ध्यानातच आलं नसतं.

रात्रपाळी

शुगर १८८ होती, झटके नव्हते. ईसीजीत एएफ नाही. उद्या टू-डी एको आणि होल्टर सांगतोय.

मिरजेची रेडिओलॉजिस्ट

हृदयावर लगेच जाऊ नका. शुगर-बीपीच्या माणसात मानेतल्या कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल दोन्ही अरुंद असू शकतात, मग दोन्हीकडचे झटके तसेही जुळतात. मानेची आणि डोक्याची अँजिओग्राफी झाल्याशिवाय मी बाजू घेणार नाही.

न्यूरो_इचलकरंजी

अँजिओ हवीच, मान्य. पण ती नॉर्मल आली आणि २४ तासांच्या होल्टरमध्ये काही सापडलं नाही, तरी मी एएफ नाही म्हणणार नाही. तो येतो-जातो.

रात्रपाळी

क्रिएटिनिन १.९ आहे, म्हणून सीटी अँजिओला फिजिशियन कचरतायत. कॉन्ट्रास्टशिवाय एमआर अँजिओ करून घेतली, तर व्हर्टिब्रलच्या उगमाशी असलेलं अरुंदपण त्यात भरवशाने दिसेल का?