राजीनामा दिलाय, 2500 ईसॉप व्हेस्ट झालेत. पैसे भरून शेअर्स घेऊ की सोडून देऊ? (मदत हवी आहे)

बालाघाटचा_वारा:

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, घरून काम करतो. कंपनी पुण्याची, सॉफ्टवेअरची, शेअर बाजारात लिस्ट झालेली नाही. लागलो तेव्हा ग्रँट लेटरमध्ये 4000 ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावानं घ्यायचे हक्क, दिले होते. तो ठरलेला भाव, म्हणजे स्ट्राइक प्राइस, 10 रुपये. पहिल्या वर्षानंतर 25 टक्के, पुढं दर तिमाहीला 250. नोकरीला 2 वर्षे 8 महिने झाले, म्हणजे 2500 व्हेस्ट झालेत, माझ्या हक्काचे झालेत.

मागच्या आठवड्यात राजीनामा दिला. नोटीस 60 दिवसांची. एचआर म्हणते, शेवटच्या दिवसापासून 90 दिवसांत एक्सरसाइज करा, म्हणजे पैसे भरून शेअर्स घ्या, नाहीतर सगळे लॅप्स. मला वाटलं 2500 गुणिले 10, पंचवीस हजारांचा प्रश्न आहे, भरून टाकू. तर त्यांनी सव्वादोन लाखांच्या आसपास टॅक्सही आधी जमा करायला सांगितला! मेलमध्ये एका शेअरची एफएमव्ही, म्हणजे वाजवी बाजारभाव, 310 लिहिलीय. पण कंपनीच्या पोर्टलवर माझी 'संपत्ती' 480 रुपये भावानं दाखवतात. हातात एक रुपया आला नाही, तर टॅक्स कशाचा?

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आडतीवर सोयाबीन टाकलं तर निदान पट्टी तरी मिळते, तुझ्या कागदाला गिऱ्हाईक कुठंय?" उत्तर सुचलं नाही.

परळीची_माई:

अरे, एवढं काय घाबरायचं. आमच्या ह्यांचे दर वर्षी व्हेस्ट होतात, तेव्हाच कंपनी त्यातले थोडे विकून टॅक्स भरून टाकते, उरलेले खात्यात येतात. खिशातून काही जात नाही. तूही तसंच सांग एचआरला.

बालाघाटचा_वारा:

माई, काकांची कंपनी कोणती?

परळीची_माई:

अमेरिकेतली आहे, तिकडच्या बाजारात लिस्टेड. का रे, वेगळं असतं का?

गोदाकाठचा_हिशेबी:

माई, वेगळं आहे. काकांना शेअर फुकट मिळतात आणि बाजारात रोज गिऱ्हाईक असतं, म्हणून थोडे विकून टॅक्स निघतो. ह्याच्या शेअरला बाजारच नाही, मग विकायचं कुणाला?

वारा, तुझा टॅक्स असा आहे. ऑप्शन व्हेस्ट झाल्यावर टॅक्स लागत नाही, एक्सरसाइज केल्यावर लागतो. 310 चा शेअर तुला 10 ला मिळाला, म्हणजे 300 रुपये पगारासारखे धरले जातात. 2500 वर 7,50,000. तुझं करपात्र उत्पन्न किती?

बालाघाटचा_वारा:

यंदा दोन्ही कंपन्या मिळून, स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता 21,25,000 च्या आसपास. नवी करप्रणाली.

गोदाकाठचा_हिशेबी:

मग 24 लाखांपर्यंतचे 2,75,000 हे 25 टक्क्यांत, म्हणजे 68,750. वरचे 4,75,000 हे 30 टक्क्यांत, म्हणजे 1,42,500. 4 टक्के सेस धरून 2,19,700. त्यात 25,000 मिळव, खिशातून जाणार 2,44,700. एचआरचा आकडा बरोबरच आहे. नव्या कंपनीला हे उत्पन्न सांगायला विसरू नकोस, नाहीतर टीडीएस कमी कापला जाऊन रिटर्न भरताना व्याजासकट वसूल होईल.

480 विसर. तो बहुतेक गुंतवणूकदारांनी शेवटच्या राउंडला दिलेला भाव असणार. त्यांचे शेअर्स प्रेफरन्स प्रकारचे असतात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी त्यांचे पैसे निघतात, उरलं तर तुला. 310 हा मर्चंट बँकरच्या रिपोर्टचा आकडा, टॅक्स त्यावरच. तो रिपोर्ट एक्सरसाइजच्या तारखेआधी 180 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. तारीख विचारून घे. मध्येच नवा रिपोर्ट आला आणि भाव चढला, तर टॅक्सही चढेल.

जालन्याचा_स्टार्टअपवाला:

एक मिनिट. स्टार्टअपमध्ये असाल तर हा टॅक्स 5 वर्षे पुढं ढकलता येतो, 2020 च्या बजेटपासून. एचआरला माहीत नसेल, दाखवा त्यांना.

गोदाकाठचा_हिशेबी:

अर्धं बरोबर. नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही, 80-आयएसीचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, ते फार थोड्यांकडे असतं. आणि असलं तरी वाराला उपयोग शून्य. शेअर विकला किंवा नोकरी सोडली, की ती सवलत संपते आणि 14 दिवसांत टॅक्स भरायचा असतो. हा तर निघालाच आहे.

जालन्याचा_स्टार्टअपवाला:

हां, नोकरी सोडल्याचं लक्षात नव्हतं आलं. मान्य.

आसना_पुलाजवळ:

माझं ऐका. नांदेडचा आहे, तीन वर्षांपूर्वी मीही असाच निघालो. सगळे घेतले, टॅक्ससाठी पत्नीची एफडी मोडली. पुढच्या राउंडला कंपनीचा भाव निम्म्याच्या खाली आला. भरलेला टॅक्स परत मिळत नाही, कारण तो पगारावरचा टॅक्स! तोटा झाला तर तो भांडवली तोटा, तोही प्रत्यक्ष विकल्यावरच. फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, आठ वर्षे पुढं नेता येतो. माझ्याकडे नफाही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. वर दर वर्षी रिटर्नमध्ये हे शेअर्स दाखवायचे, त्यामुळं साधा आयटीआर 1 बंद.

गोदाकाठचा_हिशेबी:

म्हणून मी वाराला 'सगळे किंवा काहीच नाही' असं सांगणार नाही. बऱ्याच योजनांत थोडेच एक्सरसाइज करता येतात. 1000 घेतले तर परक्विझिट, म्हणजे पगारात धरली जाणारी रक्कम, 3 लाख, टॅक्स 79,300, स्ट्राइकचे 10,000. म्हणजे 89,300. पहिले 2,75,000 हे 25 टक्क्यांतच बसतात, म्हणून दर शेअरमागं टॅक्सही थोडा कमी. एवढे पैसे पूर्ण बुडाले तरी घर हलणार नाही, अशी रक्कम ठरव आणि त्यावरून संख्या काढ.

पुढं विकलास तर खरेदी किंमत 310 धरतात, 10 नाही. अलॉटमेंटपासून 24 महिन्यांनंतर विकले तर वरच्या नफ्यावर 12.5 टक्के, आधी विकले तर स्लॅबप्रमाणे. पण दोन वर्षं थांबणं हा तुझ्या हातातला निर्णय नाहीच. कंपनी लिस्ट झाली, कुणी विकत घेतली किंवा बायबॅक आला, तरच विक्री. योजनेत 'आधी जुन्या भागधारकांना विचारा' असं कलम आहे का, बघ.

बालाघाटचा_वारा:

धन्यवाद दादा. अजून एक: पुढची 250 ची तिमाही माझ्या नोटीसच्या मध्येच येते. ती मिळेल का?

जालन्याचा_स्टार्टअपवाला:

नाही. राजीनामा दिला की व्हेस्टिंग बंद.

गोदाकाठचा_हिशेबी:

तसं सरसकट नाही. काही योजनांत राजीनाम्याची तारीख धरतात, काहींत शेवटचा दिवस. ग्रँट लेटरवर जाऊ नको, मूळ स्कीम डॉक्युमेंट माग. आणि एचआरला तोंडी विचारू नको, मेल कर. जमलं तर 90 दिवसांची मुदत वाढवून माग. काही कंपन्या देतात. शेवटच्या दिवशी पगार संपलेला असतो, तेव्हा टॅक्सही आधी ट्रान्सफर करूनच शेअर्स मिळतात.

बालाघाटचा_वारा: (चार दिवसांनी)

स्कीम डॉक्युमेंट आलं. त्यात शेवटच्या दिवसापर्यंत सेवा धरलीय, म्हणजे 2750 होतील. रिपोर्ट दोन महिन्यांचा आहे. मुदत वाढवायला नकार. विक्रीसाठी संचालक मंडळाची मंजुरी लागते, असं कलम निघालं. मंजुरी कशी मिळते आणि आजवर कुणाला मिळालीय का, हे दोनदा विचारलं, उत्तर नाही. तूर्त 1000 चा विचार आहे. वडिलांना 89,300 सांगितले, ते म्हणाले, "बरं, एवढं बियाण्यात गेलं समजू."

आसना_पुलाजवळ:

मंजुरीचं उत्तर आल्याशिवाय पैसे टाकू नका. आणि आलं की इथं लिहा, माझ्याही कलमात तेच आहे.