मदत हवी आहे: बँक आणि टॅलीत ८१,५५० चा फरक, शेठना चिठ्ठी कशी लिहू?

जमानावे
भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा हिशोब आठवड्यातून दोन दिवस जाऊन बघते. जॉबवर्क आहे, दोघा भावांची भागीदारी. ३१ मार्चला टॅलीत २,८४,५०० आणि स्टेटमेंटला ३,६६,०५०. मागच्या आठवड्यात 'काही एन्ट्र्या जुळत नाहीत, कागद द्या' अशी चिठ्ठी ठेवली, तर शेठ म्हणाले, "बँकेत जास्तच दिसतायत ना? मग अडचण काय?" आता नव्याने लिहिलंय, बघून सांगा:

"शेठ, बँकेत दिसणारे सगळे पैसे आपले मोकळे नाहीत.
१,१५,६४० जमा झालेत, पण कोणत्या बिलाचे ते कळत नाही. पार्टीकडून पेमेंटचा तपशील हवा.
२० डिसेंबरचा २५,००० चा चेक पत्र्यावाल्याने अजून भरलेला नाही.
४०,००० रोख काढले आणि १८,५०० यूपीआयने गेले, ते कशासाठी?
५९० बँकेने कापलेत, त्याचं बँकेचं बिल लागेल."

१,१५,६४० वर मी अडकलेय. स्टेटमेंटमध्ये नाव अर्धवट तुटलंय आणि त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या आमच्या दोन पार्ट्या आहेत. एवढ्या रकमेचं बिल दोघांकडेही नाही.

चिंचवडकर
टीडीएस कापून आले असतील. तुमच्याकडे ७०,८०० आणि ४७,२०० अशी बिलं असतील तर बघा. नाहीतर सरळ सस्पेन्सला टाका, ऑडिटच्या वेळी सीए बघून घेईल.

जमानावे
अहो, नेमकी हीच दोन बिलं आहेत एका पार्टीची! तुम्हाला कसं कळलं? पण बेरीज १,१८,००० होते. जीएसटी सोडून १,००,००० वर २ टक्के म्हणजे २,०००. मग १,१६,००० यायला हवे होते. ३६० कुठे गेले?

चिंचवडकर
अंदाज मारला, आमच्याकडे असलेच आकडे असतात. ३६० डिस्काउंटला टाका हो, कोण विचारतंय.

रोजमेळ
डिस्काउंटला टाकू नका. १,१८,००० चे २ टक्के काढा, २,३६० येतात. म्हणजे पार्टीने जीएसटीसकट रकमेवर टीडीएस कापलाय. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर कापायचा नसतो, पण पार्ट्यांच्या अकाउंट्समध्ये ही चूक सर्रास होते. त्यांनी २,३६० भरले असतील तर ते शेठच्या फर्मच्या नावावर जमा होतील, पैसे बुडत नाहीत. मात्र तुम्ही २,००० टीडीएस आणि ३६० डिस्काउंट लावलंत, तर पुढे २६ एएसशी तुमचा आकडा जुळणार नाही.

आत्ता पार्टीकडून बिलनिहाय पेमेंट अ‍ॅडव्हाइस मागवा आणि त्यातला यूटीआर स्टेटमेंटशी ताडा. नाव तुटलं तरी तो नंबर चुकत नाही. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला ३१ मे पर्यंत मुदत असते, त्यामुळे २६ एएस आज उघडून दिसलं नाही तर घाबरू नका. जूनमध्ये फक्त २,००० दिसले, तर ३६० पार्टीकडून यायचे आहेत.

चेकचं तुम्ही चुकीचं लिहिलंय. २० डिसेंबरचा चेक तीन महिन्यांनी शिळा झाला, आता बँक तो घेणारच नाही. 'अजून भरला नाही' म्हणून पुढे ओढू नका. एन्ट्री उलटवा म्हणजे पत्र्यावाल्याचं देणं पुन्हा उभं राहील. त्याआधी त्याचा खातेउतारा मागवा, मधल्या काळात शेठनी दुसऱ्या वाटेने पैसे दिलेले असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. जुना चेक परत घ्यायला विसरू नका.

बावधनची_स्मिता
आमच्या सोसायटीत पण हेच! मेंटेनन्स कोणी भरला तेच कळत नाही, सगळे फ्लॅट नंबर न टाकता पाठवतात. तुमच्या बँकेचं अ‍ॅप कोणतं आहे?

जमानावे
स्मिताताई, अ‍ॅपचा प्रश्न नाहीये हो, कागदांचा आहे :)
पत्र्यावाल्याशी बोलले. चेक त्याच्या गल्ल्यातच होता, विसरला होता. नवा देऊ म्हणून शेठ तयार झाले. ४०,००० चं मात्र "माझेच पैसे आहेत" म्हणाले.

रोजमेळ
भागीदारीत 'माझेच' असं काही नसतं, दुसऱ्या भावाचंही खातं आहे. मजुरीला वाटले असतील तर सही घेतलेलं हजेरीपत्रक आणि व्हाउचर द्या म्हणावं, नाहीतर त्यांच्या नावे उचल टाकते, असं चिठ्ठीतच स्पष्ट लिहा. 'कशासाठी?' एवढंच विचारलं की उत्तर येत नाही, 'अमुक तारखेपर्यंत कागद नाही आला तर उचल' म्हटलं की येतं. ५९० मध्ये ९० जीएसटी आहे. बँकेत फर्मचा जीएसटी नंबर नोंदवलेला असेल तरच ते बिल कामाचं.

चिंचवडकर
उचल लिहिली की दोन भावांत भांडण लागेल, आणि नाव तुमचं येईल. जपून.

जमानावे
तीच भीती आहे. हजेरीपत्रक निघालं, ३१,००० चं. उरलेले ९,००० उचल म्हणून टाकलेत, धाकट्या भाऊंनी अजून पाहिलं नाही. १८,५०० चा यूपीआय एका माणसाच्या नावावर गेलाय. शेठ म्हणतात, "आठवत नाही, बघतो."