फोटोवरून कात्र्या ओळखायला मदत हवी (शिवणाचा डबा)

बिनधास्त_बॉबिन:
मावशीने तिच्या शिवणाच्या डब्याचा फोटो पाठवलाय. बिस्किटांचा गोल डबा, वरून काढलेला फोटो. आत चार कात्र्या आहेत: एक मोठी काळ्या मुठीची, एक मोठी लाल मुठीची, एक छोटी सोनेरी आणि एक छोटी स्टीलची. सगळ्या मिटलेल्या. कुठली कशाची ते चिठ्ठी लावून ठेवायचंय, म्हणजे कापडाच्या कात्रीने कुणी कागद कापणार नाही. फोटोवरून कसं ओळखायचं? शेजारी टेप आणि बॉबिनही दिसतंय.

काजबटण:
सोपं आहे. मोठ्या दोन कापडाच्या, छोट्यांतली सोनेरी भरतकामाची, स्टीलची नखांची.

उसवण:
उत्तर बरोबर येईलही, पण रंगावरून नको. मेरठच्या शिंपीकामाच्या मोठ्या कात्र्यांनाही पितळी मूठ असते आणि भरतकामाच्या कितीतरी कात्र्या साध्या स्टीलच्या येतात.

आधी माप घ्या. घरगुती मशीनचं बॉबिन साधारण 2 सेंटिमीटर रुंद असतं. फोटोत कात्रीच्या लांबीत किती बॉबिनं बसतात ते मोजा. चार-पाच बसली तर छोटी कात्री, दहाच्या वर गेली तर कापडाची. बॉबिन कात्रीच्या जवळ आणि त्याच पातळीवर असलं पाहिजे, नाहीतर माप फसतं.

आता काळी. शिंप्याच्या कात्रीच्या दोन कड्या सारख्या नसतात. एक लहान, अंगठ्यापुरती. दुसरी लांबट, तीन-चार बोटं मावतील अशी. शिवाय मूठ पात्याच्या रेषेत नसते, वर वळलेली असते, म्हणजे खालचं पातं टेबलाला टेकून सरकतं आणि कापड उचललं जात नाही. कात्री आडवी पडलेली असली की हे वळण वरून सरळ दिसतं.

बिनधास्त_बॉबिन:
काळीला दोन्ही आहे. लालचीही मूठ तशीच आहे, मग तीही शिंप्याचीच?

उसवण:
मुठीवरून ते ठरणार नाही, पिंकिंगच्या, म्हणजे कापडाची कड दातेरी कापणाऱ्या कात्रीची मूठही तशीच असते. मिटलेल्या पात्यांमधली रेघ बघा. साध्या कात्रीत ती सरळ जाते, पिंकिंगमध्ये दातेरी. पातीही जाड, आणि टोकापर्यंत जवळजवळ तेवढीच रुंद राहतात. शिंप्याची निमुळती होत जाते. दाते जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरचे, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला गेला की पुसट होतात. मावशींना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दोरा_ताई:
माझी पिंकिंग कात्री कापड चावते, कापत नाही. सँडपेपर कापून धार येते म्हणतात, खरं का?

उसवण:
ताई, त्याने फार तर कडेचा चिकटा आणि बारीक खरवड निघते, दात्यांना धार येत नाही. दाते एकमेकांत नेमके बसावे लागतात, म्हणून पिंकिंग येणाऱ्या धारवाल्याकडेच द्या. साध्या दगडावर घासलीत तर ती जुळणी बिघडेल. त्याआधी स्क्रू ढिला झालाय का बघा, कापड चावण्याचं कारण बरेचदा तेच असतं.

बिनधास्त_बॉबिन:
डॉक्युमेंट आलं. लालला दातेरी रेघ स्पष्ट दिसतेय. आता छोट्या दोन. दोन्हींच्या कड्या सारख्या आणि दोन्ही सरळच वाटतात.

उसवण:
इथेच वरून काढलेला फोटो फसवतो. नखांच्या कात्रीची पाती बाजूला नाही, वर वाकलेली असतात. कात्री आडवी पडली की तो बाक कॅमेऱ्याच्या दिशेला येतो किंवा पोटाखाली जातो, आणि पातं सरळ पण आखूड दिसतं. म्हणून स्क्रूपासून टोकापर्यंत आणि स्क्रूपासून कडीच्या शेवटापर्यंत, अशी दोन अंतरं ताडून बघा. पातं फारच आखूड आणि दांडे लांब असतील तर नखांची असायची शक्यता जास्त. टोकाखालची सावलीही बघा. टोक तळापासून वर उचललेलं असेल तर सावली टोकापासून सुटी पडते.

बिनधास्त_बॉबिन:
सोनेरीचं पातं लांब, टोक सुईसारखं, सावली चिकटलेली. स्टीलचं पातं आखूड आणि सावली सुटी.

काजबटण:
मग मी म्हटलं तेच.

उसवण:
सोनेरीचं हो, भरतकामाचीच. स्टीलवर मात्र अजून शिक्का मारू नका. भरतकामातही बाकदार टोकाची कात्री असते, रिंगमध्ये ताणलेल्या कापडावरचे दोरे कापडाला न लागता कापायला. तिची टोकं बारीक असतात, नखांच्या कात्रीची जाड आणि आखूड. डब्याच्या कडेच्या उंचीवरून एक फोटो मागवा, किंवा मावशींना फक्त टोकाने एक दोरा कापून बघायला सांगा. दोरा तुटण्याऐवजी पात्यांत दुमडला तर बहुधा नखांची.

बिनधास्त_बॉबिन:
मावशी म्हणते, दोरा एकदा तुटला, एकदा दुमडला. बाजूचा फोटो उद्या उजेडात काढते म्हणाली. तोवर तीनच चिठ्ठ्या लावतो.