बाईनं स्वतःच चेकिंग केलं म्हणजे एनरिचमेंट झालं का? टॉवेलच्या केसवरून

होटगी_रोड_बीबीए
जॉब डिझाइनच्या प्रश्नाला सोपी ट्रिक सांगतो. काम वाढलं की एनलार्जमेंट, जागा बदलत राहिली की रोटेशन, आणि जबाबदारी हा शब्द दिसला की डोळे झाकून एनरिचमेंट. परवाच्या टेस्टला टॉवेलची केस होती, हेमिंगवाली बाई आता लांब शिलाई, आडवी शिलाई, लेबल आणि वर स्वतःचं चेकिंग करते, "तिची जबाबदारी वाढली". उत्तर एनरिचमेंट. विषय संपला.

टेबल_नंबर_4
विषय संपला नाही, आणि असल्या ट्रिका वाचल्या की मला खरंच राग येतो. मी 17 वर्षं टॉवेलच्या कारखान्यात शॉप फ्लोअरला आहे, संध्याकाळी हाच पेपर शिकवतो, आणि दरवर्षी अर्धा वर्ग इथंच मार्क घालवतो. "जबाबदारी" हा शब्द केस लिहिणारा मुद्दाम टाकतो. तिथं एवढंच विचारायचं की बाईनं खराब पीस बाजूला काढला तर तो बाजूलाच राहतो का?

आमच्याकडं आधी एक बाई लांब शिलाई मारायची, दुसरी आडवी, तिसरी लेबल लावायची, मग माल चेकरकडं. पुढं हे सगळं एकीलाच दिलं आणि रजिस्टरला टिक करायला लावलं. पण चेकर होताच, तो तोच टॉवेल परत उलगडून बघायचा. लूप ओढलेला पीस तिनं सेकंड मालात काढला तरी सुपरवायझर "चालतंय" म्हणून गठ्ठ्यात सरकवायचा. हे एनलार्जमेंट. एकाच पायरीवरची चार कामं शेजारी शेजारी मांडली, बाकी काही नाही.

सहा महिन्यांनी दोन टेबलांवरचा चेकर काढला. सेकंड ठरवायचा अधिकार बाईचा, टाके सुटायला लागले तर मशीन थांबवून मेकॅनिकला तीच बोलावणार, आणि पॅकिंगहून परत आलेला पीस सुपरवायझरकडं न जाता थेट तिच्या टेबलावर. हाताची कामं तीच चार होती बरं का, एकही वाढलं नाही. वरच्या माणसाचं ठरवणं खाली आलं, म्हणून ते एनरिचमेंट. तुझ्या केसमध्ये चेकर गेला असं कुठं लिहिलंय?

होटगी_रोड_बीबीए
सर पण तपासणी हेच मुळात वरच्याचं काम आहे ना. मोटिव्हेशनवाला हर्झबर्गच सांगतो की कंट्रोल कमी करा आणि जाब माणसाकडं ठेवा. बाई स्वतःचं काम स्वतः बघते म्हणजे कंट्रोल खाली आलाच की.

टेबल_नंबर_4
त्याच वाक्याचा पहिला अर्धा भाग तू सोडलास. कंट्रोल कमी झाला का? चेकर तिथंच बसलाय. तिला जाब मिळाला, अधिकार नाही. आणि पीस परत आला तर शिव्या तिलाच.

जुनी_पुस्तकं
दोघांनाही एक सांगतो. 1940 च्या दशकात आयबीएमच्या एंडिकॉटच्या कारखान्यात मशीनवाल्यांना मशीन लावायचं आणि स्वतःचा माल तपासायचं काम दिलं, आधी दोन्हीला वेगळी माणसं होती. आजच्या कसोटीनं त्यात एनरिचमेंटचा मोठा भाग आहे, पण वर्षानुवर्षं ती केस एनलार्जमेंट म्हणूनच शिकवली गेली. आडवं वाढवणं म्हणजे एनलार्जमेंट आणि उभं वाढवणं म्हणजे एनरिचमेंट ही रेघ हर्झबर्गनं 1968 च्या लेखात जोरात ओढली. म्हणून स्वतःच्या तपासणीला एकच शिक्का मारणं अवघड आहे, पेपर काढणारा कुठलं पुस्तक घेऊन बसलाय त्यावरपण असतं.

टेबल_नंबर_4
इतिहास मान्य. पण पोराला 2 मार्काच्या प्रश्नात इतिहास विचारत नाहीत.

कॅश_काउंटर
आम्ही बँकेत. दर काही महिन्यांनी टेबल बदलतात, कॅश, क्लिअरिंग, लोन. तेव्हा तिन्ही कामं येतात मला, म्हणजे माझं एनलार्जमेंट झालं का? आणि कंटाळा घालवायला वगैरे कोणी बदलत नाही ओ, एकच माणूस एका टेबलावर फार दिवस बसला तर घोटाळा लपतो म्हणून बदलतात.

नेटची_तयारी
ताई ते रोटेशनच. कॅशवर असताना तुम्ही फक्त कॅशच करता. कामाचा साचा तोच राहतो, माणूस फिरतो. हेतू काही का असेना.
पण एक गंमत आहे, कोणी कुठं बसायचं हे साहेबानं न ठरवता तुमच्या काउंटरच्या पाच जणींनीच ठरवायला सुरुवात केली तर फिरणं रोटेशनच, पण वेळापत्रक ठरवायचा अधिकार मिळाला म्हणून त्यात एनरिचमेंट शिरलं. एका केसमध्ये दोन असू शकतात.

विडी_घरकुल
मी 31 वर्षं माग चालवला. मालकानं दोनाचे चार माग दिले आणि म्हणाला तुझं काम मोठं झालं. ह्याला काय नाव आहे तुमच्या पुस्तकात?

होटगी_रोड_बीबीए
काका ते एनलार्जमेंट, काम वाढलं ना.

टेबल_नंबर_4
चूक! आणि ही चूक तुझ्या ट्रिकमधूनच आली. दोन मागांवर जे करायचे तेच चारांवर, धागा जोडायचा, कांडी बदलायची. कामाचा प्रकार एकही वाढला नाही, फक्त बोजा वाढला. मागाची बारीक दुरुस्ती जॉबरकडून काकांकडं आली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.

विडी_घरकुल
बोजा म्हणलात ते बरोबर. पण मीटरचा दर तेवढाच राहिला त्याचं काय? माग चार झाले तर एक बंद पडतोय, तिकडं पळेपर्यंत दुसऱ्याचा धागा तुटतोय. मीटर दुप्पट कधीच निघाले नाहीत. तुमच्या त्या बाईला चेकरचा पगार वाचवून किती दिले ते सांगा आधी.

टेबल_नंबर_4
दर हा वेगळा विषय आहे काका. हर्झबर्ग पगाराला ह्यात धरतच नाही, पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण वाढवल्यानं कामात गोडी येत नाही असं तो म्हणतो.

विडी_घरकुल
त्यानं पीसरेटवर काम केलंय का? मला शिकवू नका. माझ्या बायकोला हेमिंगवरून महिनाभर फोल्डिंगला टाकलं, नवीन कामाला हात बसेपर्यंत पीस कमी, हप्ता कमी. तुमचं ते रोटेशन. तिला विचारा गोडी आली का.

कॅश_काउंटर
काकांचं पटतंय. आमचा पगार ठरलेला म्हणून आम्हाला टेबल बदलल्याचं काही वाटत नाही.

टेबल_नंबर_4
दोन टेबलांच्या बायकांना दर वाढवून दिला नाही, हे खरं आहे. मी तेव्हा मागितला होता, मिळाला नाही. पुढं त्यातल्या तिघी "चेकर परत आणा" म्हणाल्या. पण म्हणून उत्तरपत्रिकेत नाव बदलत नाही.

नेटची_तयारी
नाव का बदलत नाही ते हॅकमन-ओल्डहॅमच्या सूत्रात दिसतं, MPS म्हणजे काम माणसाला किती गोडी लावू शकतं त्याचा आकडा:

```
MPS = (SV + TI + TS) / 3 × A × F
```

विविधता, कामाचं सलगपण आणि महत्त्व यांची सरासरी, गुणिले स्वायत्तता, गुणिले फीडबॅक. समजा हेमिंगला 7 पैकी 2, 2, 5, स्वायत्तता 2, फीडबॅक 3. सरासरी 3, म्हणून 3 × 2 × 3 = 18. एनलार्जमेंटनं विविधता 2 ची 5 केली की सरासरी 4, येतात 24. ते न करता फक्त स्वायत्तता 2 ची 5 केली तर 3 × 5 × 3 = 45. तीनच गुण दोन्हीकडं वाढले, पण एक बेरजेत पडला, दुसरा गुणाकारात. आकडे मी धरलेत, कुणाला विचारून नाही. आणि काकांचा दर ह्या सूत्रात कुठंच नाही, हे मलापण खटकतं. हॅकमन-ओल्डहॅमनीच म्हणलंय की पगारावर नाराज असलेल्या माणसावर ह्याचा परिणाम कमी पडतो, पण ते पेपरात कोणी लिहीत नाही.

होटगी_रोड_बीबीए
पेपर काढून परत वाचला. शेवटच्या ओळीत "अंतिम तपासणी पूर्वीप्रमाणे तपासणी विभाग करेल" असं आहे. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. ठीक आहे, एनलार्जमेंट. पण ती ओळ नसती तर मी एनरिचमेंटच लिहिलं असतं, आणि जुनी_पुस्तकं सांगतात तसं ते चूकच असं कोणी म्हणू शकलं नसतं.

टेबल_नंबर_4
ती ओळ नसती तर मी दोन्ही बाजू लिहून "चेकर काढला असेल तर" अशी अट घातली असती.

विडी_घरकुल
आणि दर?