कुपवाडच्या शेडला फॉल्ट करंट ४० केए येतोय, पर युनिटमध्ये कुठं चुकतंय?

अभि_कुपवाड
नमस्कार मंडळी. एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीचं नवं एलटी पॅनेल घ्यायचंय. पॅनेलवाल्यानं ५० केएचा मेन ब्रेकर धरून कोटेशन दिलंय, मालकांना ते परवडत नाही. म्हणून मी स्वतः हिशेब मांडला.

३३ केव्ही बसवर फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए, वीज कंपनीकडून लेखी घेतलीय. मग ५ एमव्हीएचा ३३/११ ट्रान्सफॉर्मर, ७.१५ टक्के. तिथून ३ किलोमीटर रॅबिटची ओव्हरहेड लाइन, रिअ‍ॅक्टन्स १.०५ ओहम. शेवटी आमचा ६३० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर ५ टक्के.

बेस ५ एमव्हीए घेतला; व्होल्टेज ३३, ११ आणि ०.४१५ केव्ही. सोर्स ०.०१, मोठा ट्रान्सफॉर्मर ०.०७१५, लाइन ०.०४३, आमचा ०.०५. बेरीज ०.१७५, म्हणजे ४० केए. हे बरोबर आहे, की बेस १०० एमव्हीए घ्यायला हवा?

रणजित_पलूस
दादा, ते ५ टक्के ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या ६३० केव्हीएवरचे आहेत. ५ एमव्हीएवर आणायला ५ भागिले ०.६३ नं गुणा, ०.३९७ येईल. शिवाय ११ वरून ४३३ ला उतरताय, तर व्होल्टेजच्या गुणोत्तराच्या वर्गानंही गुणायला लागेल.

निवृत्त_टेस्टिंग_विश्रामबाग
रणजित, पहिलं तुझं बरोबर, दुसरं नाही. ०.४३३/११ च्या वर्गानं गुणलंस तर ट्रान्सफॉर्मर जवळजवळ नाहीसाच होईल. वर्गाचं गुणोत्तर एकाच बाजूच्या दोन व्होल्टेजमध्ये लावायचं: नेमप्लेटवरचं व्होल्टेज आणि त्या बाजूला आपण घेतलेला बेस. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं जाताना बेस व्होल्टेज टर्न्स रेशोनं आपोआप बदलतं, म्हणून पर युनिट आकडा दोन्ही बाजूंना तोच राहतो.

अभि, इथंच तुझी दुसरी चूक आहे. ११ केव्हीचा बेस धरल्यावर एलटीचा बेस ०.४३३ च येतो, कारण ट्रान्सफॉर्मर ११/०.४३३ चा आहे. ४१५ हे वापराचं व्होल्टेज. तू ते धरल्यानं बेस करंट ६,६६७ ऐवजी ६,९५६ अँपिअर झाला.

आता बेरीज: ०.०१ + ०.०७१५ + ०.०४३ + ०.३९७ = ०.५२२. ६,६६७ ला ०.५२२ नं भागलं की १२.८ केए.

आणि ४० पाहताच शंका यायला हवी होती. तुझ्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोड करंट ८४० अँपिअर. मागं कितीही बलवान ग्रिड असली तरी त्याच्यातून ८४० भागिले ०.०५, म्हणजे १६.८ केए पेक्षा जास्त ग्रिडकडून येऊच शकत नाही. मी हा आकडा आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, मगच हिशेबाला बसतो.

बेस १०० घेतलास तरी उत्तर हेच. मात्र तुझा ट्रान्सफॉर्मर तेव्हा ७.९४ पर युनिट होईल, त्यानं दचकू नकोस.

कारखाना_इलेक्ट्रिकल_वाळवा
आमच्याकडं साखर कारखान्यात १२ एमव्हीएचा अल्टरनेटर आहे. नेमप्लेटवर १०.५ केव्ही, सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स १८ टक्के. बस ११ केव्ही, बेस ५ एमव्हीए. मग सर, इथं तरी वर्ग लागणार ना?

निवृत्त_टेस्टिंग_विश्रामबाग
लागणार, कारण १०.५ आणि ११ एकाच बाजूचे. ०.१८ × (५/१२) × (१०.५/११)² म्हणजे ०.०६८. वर्ग विसरलात तर ०.०७५ धराल आणि अल्टरनेटरचा फॉल्ट करंट कमी दिसेल. ब्रेकर निवडताना ही चूक धोक्याच्या बाजूची आहे.

अभि_कुपवाड
काका, मनापासून आभार. १६.८ ची मर्यादा डोक्यात नव्हती. मग २५ केएचा ब्रेकर चालेल ना? आणि लाइनचा रेझिस्टन्स मी सोडलाय, ते?

निवृत्त_टेस्टिंग_विश्रामबाग
रॅबिटचा किलोमीटरला साधारण ०.५५ ओहम, तीन किलोमीटरला १.६५. रिअ‍ॅक्टन्सपेक्षा तोच मोठा! ११ केव्हीचा बेस ओहम २४.२, म्हणून ०.०६८ पर युनिट. तुझ्या एलटी बसवर ०.५२२ चं ०.५२६ होतं, काही बिघडत नाही. पण लाइनच्या टोकाला ११ केव्हीवर फॉल्ट काढशील तर ०.१२५ चं ०.१४२ होतं आणि करंट २.१ वरून १.८५ केएवर येतो. तिथल्या रिलेचं सेटिंग करताना रेझिस्टन्स सोडू नको.

ब्रेकरचं म्हणशील तर आधी चालू मोटारींची बेरीज सांग. फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमध्ये त्याही करंट देतात आणि तो १६.८ च्या वर जाऊन पडतो.

रणजित_पलूस
वर्गाचं समजलं, सर. पण ट्रान्सफॉर्मर नॉमिनल टॅपवर नसेल, समजा ५ टक्के खाली असेल, तर एलटीचा बेस ०.४३३ च ठेवायचा का?

अभि_कुपवाड
मोटारींची यादी उद्या शेडवर जाऊन काढतो. टॅपही बघून येतो, आमचा नक्की कितव्यावर आहे ते मलाच माहीत नाही.